चाळीसचा बल्ब शंभरच्या बल्बला मागे टाकतो तेव्हा

घरातील २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर ४० वॅट आणि १०० वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे, तारेचे बल्ब एकसर जोडले, म्हणजे एकातून निघालेली तार दुसऱ्यात नेली, तर अधिक उजळतो तो चाळीसचा. शंभरचा जेमतेम लालसर होतो. बल्बवर छापलेली शक्ती त्याला पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तरच खरी असते, हे ध्यानात घेतले की यातले नवल ओसरते.

छापील आकड्यांवरून रोध काढता येतो: R = V²/P. त्यानुसार चाळीसच्या बल्बचा रोध सुमारे १३२२ ओहम, तर शंभरच्या बल्बचा ५२९ ओहम येतो; जास्त शक्तीच्या बल्बचा रोध कमी असतो, आणि गोंधळ होतो तो इथेच. एकसर जोडणीत दोन्हींतून एकच विद्युतधारा वाहते, म्हणून ज्याचा रोध मोठा त्याच्या वाट्याला विभवांतर जास्त येते आणि शक्तीही जास्त खर्च होते. एकूण रोध सुमारे १८५१ ओहम, म्हणून धारा ०.१२४ अँपिअर, चाळीसच्या बल्बवर १६४ व्होल्ट आणि शंभरच्या बल्बवर ६६ व्होल्ट. त्यांची शक्ती अनुक्रमे सुमारे २० आणि ८ वॅट येते.

परीक्षेला हे उत्तर पुरते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक बल्बच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावून पाहिल्यास आकडे बरेच वेगळे दिसतात: चाळीसच्या बल्बवर साधारण १९० व्होल्ट आणि शंभरच्या बल्बवर चाळीसच्या आसपास. याचे कारण टंगस्टनच्या तारेत आहे. तापलेल्या टंगस्टनचा रोध थंड स्थितीतल्या रोधाच्या दहापटीहून अधिक असतो. शंभरचा बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटरने मोजला, तर ५२९ नव्हे, सुमारे ४० ओहमच दिसतात. एकसर जोडणीत शंभरच्या बल्बची तार पुरेशी तापत नाही, म्हणून तिचा रोध पुरेसा वाढत नाही, म्हणून तिच्या वाट्याचे विभवांतर आणखी घटते आणि ती आणखी थंड राहते. उलट चाळीसच्या बल्बची तार जवळजवळ नेहमीसारखी तापते आणि तो सुमारे ३० वॅट घेतो, तर शंभरचा सहा वॅटच्या आसपास.

दोन्हींवरील विभवांतरांची बेरीज मात्र दोन्ही हिशेबांत २३०च येते. एखाद्या बल्बची तार तुटली, तर दोन्ही विझतात आणि पूर्ण २३० व्होल्ट त्या तुटलेल्या बल्बच्याच टोकांवर येतात, त्यामुळे विझलेला दिसतो म्हणून होल्डरला हात लावणे धोक्याचे ठरते. एलईडी बल्बना मात्र हा हिशेब लागू नाही. त्यांच्या आत साधा रोध नसून स्वतंत्र सर्किट असते, आणि असे दोन बल्ब एकसर जोडल्यास ते लुकलुकतात किंवा लागतच नाहीत.