उत्तराआधीचे चार सेकंद

गप्पांमध्ये एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? २००९ साली दहा भाषांमधल्या हो-नाहीच्या प्रश्नांवर ही मोजणी झाली. सरासरी निघाली सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. जपानी लोक थोडे घाईचे, डॅनिश थोडे सावकाश, एवढाच फरक. गंमत म्हणजे चित्रातल्या वस्तूचं साधं नाव उच्चारायलाही आपल्याला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं.

म्हणूनच उशीर कानाला लगेच टोचतो. ‘येशील ना?’ला दीड सेकंदाने ‘हो’ आलं, तर यायचं मनात नाही हे आपण ओळखतोच. ज्ञानाच्या प्रश्नांबाबत १९९५ च्या एका प्रयोगात हेच दिसलं: थांबून दिलेलं उत्तर ऐकणाऱ्यांना कमी खात्रीचं वाटलं. पण थांबून ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला मात्र ते ठाऊक असावं, असं वाटलं! शांतता तीच, अर्थ उलटा. ऐकणारा तिला शोधाशोध समजतो आणि काय शोधलं जातंय, याचा अंदाज बांधतो.

हा अंदाज त्याच्यावर सोडायचा नाही, एवढीच युक्ती.

समजा, नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, ‘सगळ्या उसाला ठिबक केलं, तर भूजल वाढेल का?’ उमेदवार गप्प बसला तर पहिल्याच सेकंदाला पॅनेल त्याचा अभ्यास मोजू लागतं. त्याऐवजी तो लगेच म्हणतो, ‘एकरी पाणी वाचेल, पण वाचलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, ते बघावं लागेल. जरा विचार करतो.’ मग चार सेकंद शांतता. आता अडचण कुठे आहे ते सगळ्यांना कळलंय, त्यामुळे ही शांतता कामाची वाटते. त्यानंतर तो सांगतो, की त्याच पाण्यावर शेतकऱ्याने आणखी क्षेत्र ओलिताखाली आणलं तर उपसा कमी होत नाही, आणि पूर्वी मुरून विहिरींना मिळणारं पाणीही घटतं.

‘छान प्रश्न आहे’ने हे साधत नाही. त्यात त्या प्रश्नाचं काहीच नसतं, आणि पॅनेलने ते सकाळपासून दहादा ऐकलेलं असतं.

विचार करताना नजर बाजूला गेली तर जाऊ द्यावी. अवघड हिशेब करताना माणसं आपसूक चेहऱ्यावरून नजर काढतात आणि त्याने उत्तरं सुधारतात, असंही प्रयोगांत दिसलं आहे. फोनवर मात्र ही नजर दिसत नाही, शिवाय लाइनचा उशीर वर चढतो. तिथे ते पहिलं वाक्य चुकवून चालत नाही, नाहीतर दोन सेकंदांत पलीकडून ‘हॅलो, आवाज येतोय ना?’ येतं.

आणि प्रश्न स्वतःच्याच प्रबंधाचा विषय काय, असा असेल, तर कोणतंही वाक्य उपयोगाचं नाही. तिथे थांबणं म्हणजे तयारी नसणंच.