डिफॉल्ट जामीन आणि गुणवत्तेवरचा जामीन: कोर्टाने काय ठरवलं, काय ठरवलंच नाही

'उच्च न्यायालयाकडून जामीन मंजूर' या एकाच मथळ्याखाली दोन अगदी वेगळे निर्णय असू शकतात. एकात, म्हणजे गुणवत्तेवरच्या जामिनात, न्यायालयाने पुरावा वाचून त्यावर प्राथमिक मत बनवलेलं असतं. दुसऱ्यात, म्हणजे डिफॉल्ट जामिनात, पुराव्याचं पानही उघडलेलं नसतं, फक्त कॅलेंडर पाहिलेलं असतं. बातमी लिहिणाऱ्याला हा फरक कळला नाही, तर न्यायालय जे बोललंच नाही ते त्याच्या नावावर छापलं जातं.

एल्गार परिषद प्रकरणातले मुंबई उच्च न्यायालयाचे दोन आदेश शेजारी ठेवले की फरक स्वच्छ दिसतो. १ डिसेंबर २०२१ रोजी सुधा भारद्वाज यांना जामीन मिळाला, तो डिफॉल्ट जामीन. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी आनंद तेलतुंबडे यांना मिळाला, तो गुणवत्तेवर. प्रकरण एक, उच्च न्यायालय एक, कायदाही तोच, दहशतवादविरोधी यूएपीए. तरी दोन्ही बातम्यांमधलं जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचं वाक्य वेगळं असायला हवं होतं.

आधी डिफॉल्ट जामीन. तपास यंत्रणेला आरोपपत्र दाखल करायला मुदत असते. गुन्ह्याच्या शिक्षेनुसार ती ६० किंवा ९० दिवसांची. हा नियम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७(२) मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) मध्ये आहे. यूएपीएखाली ९० दिवसांची मुदत १८० पर्यंत वाढवता येते, पण त्यासाठी सरकारी वकिलांनी तपासाची प्रगती आणि कोठडी आणखी का हवी याची नेमकी कारणं सांगणारा अहवाल द्यावा लागतो, आणि मुदतवाढ देणारं न्यायालय ती देण्यास सक्षम असावं लागतं.

मुदत संपली, आरोपपत्र आलं नाही आणि आरोपीने अर्ज करून जामिनाच्या अटी पाळायची तयारी दाखवली, की त्याला जामीन नाकारता येत नाही. दिवस मोजताना अटकेची तारीख धरू नका. मॅजिस्ट्रेटने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून मोजा, आणि तो दिवसही धरा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये हे पक्कं केलं. म्हणजे पहिली कोठडी १ मार्चला मिळाली असेल, तर मार्चचे ३१ आणि एप्रिलचे २९ मिळून ६० दिवस २९ एप्रिलला भरतात. आरोपपत्र त्या दिवसापर्यंत आलं नाही, तर ३० एप्रिलला हक्क उभा राहतो. मात्र आरोपीने अर्जच केला नाही आणि मध्येच आरोपपत्र दाखल झालं, तर हा हक्क हातातून जातो. म्हणून अशा बातमीत अर्जाची तारीख आणि आरोपपत्राची तारीख या दोन तारखा आल्याच पाहिजेत.

भारद्वाज यांच्या प्रकरणात याच तारखा निर्णायक ठरल्या. ९० दिवसांची मुदत पुण्याच्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये वाढवून दिली होती, आणि आरोपपत्र आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. ते न्यायाधीश राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, म्हणजे एनआयएच्या कायद्याखाली विशेष न्यायालय म्हणून नेमलेले नव्हते, त्यामुळे मुदतवाढ देण्याचा अधिकार त्यांना नव्हता, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. मुदतवाढच अवैध ठरली आणि भारद्वाज यांचा अर्ज आरोपपत्राआधीच आलेला होता. त्याच निकालात आठ सहआरोपींची मागणी फेटाळली गेली, कारण त्यांनी हा हक्क वेळेत बजावलेला नव्हता. 'एकीला जामीन, आठ जणांना नकार' एवढंच वाचून कुणालाही वाटेल की भारद्वाज यांच्याविरुद्धचा पुरावा इतरांपेक्षा कमकुवत निघाला. न्यायालयाने अशी तुलना केलीच नव्हती. हा गैरसमज मथळ्याने होतो, म्हणून 'वेळेत अर्ज' हे कारण पहिल्याच परिच्छेदात हवं.

अशा जामिनाला 'तांत्रिक कारणावरून सुटका' म्हणण्याची सवयही सोडावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बिक्रमजित सिंग प्रकरणात हा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ शी जोडला आहे. 'तांत्रिक' म्हटलं की वाचकाला पळवाट ऐकू येते.

आता तेलतुंबडे. यूएपीएच्या कलम ४३ड(५) नुसार आरोप प्रथमदर्शनी खरे मानायला वाजवी कारण आहे असं वाटलं, तर न्यायालयाला जामीन देता येत नाही. म्हणजे इथे आरोपपत्रातली सामग्री पाहावीच लागते. ती पाहून खंडपीठाने म्हटलं की कलम १३, १६ आणि १८ खालचे गुन्हे प्रथमदर्शनी दिसत नाहीत. दिसतात ते ३८ आणि ३९, म्हणजे दहशतवादी संघटनेचं सदस्यत्व आणि तिला पाठबळ. या दोहोंना जास्तीत जास्त दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि तेलतुंबडे यांनी तोवर दोन वर्षांहून अधिक काळ कोठडीत काढला होता. त्यामुळे 'आरोप फेटाळले' हे वाक्य सरळ चूक ठरतं: दोन कलमं प्रथमदर्शनी उभीच होती. 'पुरावा नाही' हेही चूक, कारण साक्षीदारांची उलटतपासणी अजून व्हायची होती आणि पुरावा तावून पाहण्याचं काम जामिनाच्या टप्प्यावर होत नाही. लिहायचं ते असं: 'या तीन कलमांखालचे गुन्हे प्रथमदर्शनी दिसत नाहीत, असं मत न्यायालयाने जामिनापुरतं नोंदवलं.' यातला 'जामिनापुरतं' हा शब्द संपादकाने जागेअभावी कापू नये.

या शब्दाचं वजन आठवड्याभरातच दिसलं. एनआयएला सर्वोच्च न्यायालयात जाता यावं म्हणून उच्च न्यायालयाने स्वतःच्याच आदेशाला एक आठवडा स्थगिती दिली होती. म्हणजे १८ तारखेला जामीन 'मंजूर' होता, पण सुटका नव्हती. २५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने एनआयएची याचिका फेटाळली आणि स्पष्ट केलं की उच्च न्यायालयाची निरीक्षणं खटल्यात अंतिम निष्कर्ष म्हणून धरली जाणार नाहीत. सुटका झाली २६ तारखेला. भारद्वाज यांच्या बाबतीतही तसंच: १ डिसेंबरच्या आदेशात जामिनाचा हक्क ठरला, अटी ठरवायचं काम विशेष न्यायालयाकडे सोपवलं गेलं, त्या ८ तारखेला ठरल्या आणि ९ तारखेला भारद्वाज तुरुंगाबाहेर आल्या. मंजुरी, अटी, जातमुचलका किंवा जामीनदार आणि प्रत्यक्ष सुटका या चार वेगळ्या गोष्टी आहेत. 'आज सुटणार' असं आदेशात तसं दिसल्याशिवाय लिहू नये.

पुढे काय होऊ शकतं, यातही दोन जामिनांमध्ये फरक आहे. डिफॉल्ट जामीन मिळाला म्हणजे पुराव्याचा प्रश्न कायमचा मिटला असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये गंगी रेड्डी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नंतरच्या आरोपपत्रातून भक्कम कारणं पुढे आली, तर असा जामीन गुणवत्तेवर रद्द होऊ शकतो. नुसतं आरोपपत्र दाखल होणं त्याला पुरत नाही. गुणवत्तेवरचा जामीन रद्द करायचा, तर एकतर आदेशच चुकीचा होता हे वरच्या न्यायालयाला पटवावं लागतं, किंवा अटींचा भंग, साक्षीदारांवर दबाव असं काही नंतर घडल्याचं दाखवावं लागतं.

कोर्टात बसून ऐकताना सगळ्यात जास्त चूक होते ती कोण बोललं हे गाळल्यामुळे. 'पत्रात निधीचा उल्लेख आहे' हे सरकारी वकिलांचं म्हणणं असतं, 'पत्र बनावट आहे' हे बचाव पक्षाचं, आणि 'हे पत्र कुठे सापडलं?' हा न्यायमूर्तींचा प्रश्न असतो, निष्कर्ष नव्हे. न्यायमूर्तींनी सुनावणीत तोंडी काढलेले उद्गार आदेशात उतरतातच असं नाही. बऱ्याचदा त्या दिवशी आदेशाचा फक्त शेवटचा भाग वाचला जातो आणि कारणांसह पूर्ण प्रत नंतर संकेतस्थळावर येते. तोपर्यंत 'कारणांसह सविस्तर आदेश अद्याप उपलब्ध नाही' असं लिहावं, आणि प्रत आल्यावर आधी अर्ज कोणत्या कलमाखाली होता ते पाहावं. १६७(२) किंवा १८७(३) दिसलं, तर बातमीत पुराव्याबद्दल न्यायालयाच्या तोंडी एकही शब्द घालू नये.