गड, घाट व डोंगरांची नावे (सह्याद्री)

सह्याद्रीतील गड, घाटवाटा आणि डोंगर यांची नावे साधारणपणे तीन गोष्टींवरून पडलेली दिसतात: त्या जागेचा उपयोग, तिचा आकार आणि तिच्याभोवती सांगितली जाणारी कथा. जुन्नरच्या पश्चिमेला, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर असलेल्या नाणेघाटात या तिन्ही गोष्टी एकाच जागी पाहायला मिळतात.

कोकणात वैशाखऱ्याकडून चढून आले की शेवटी वाट एका अरुंद घळीत शिरते. घळीत दगडी पायऱ्या आहेत. माथ्याजवळ सातवाहनकालीन लेणे आणि पाण्याची टाकी आहेत, आणि जरा पुढे एक मोठा दगडी रांजण आहे. घाट चढून आलेले व्यापारी जकातीची नाणी या रांजणात टाकत, म्हणून हा नाणेघाट, असे सांगितले जाते. कल्याण आणि सोपारा या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरला जात असल्याने घाटमाथ्यावर जकात असणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र लेण्यातल्या सातवाहन राणी नागणिकेच्या प्राकृत शिलालेखात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशोब दिला आहे आणि तिथे नाण्यांसाठी ‘काहापण’ म्हणजे कार्षापण हा शब्द येतो. त्यामुळे घाट सातवाहनांच्या काळातला आहे म्हणून त्याचे नावही तितकेच जुने, असे धरून चालता येत नाही.

स्थानिक कथा वेगळी आहे. नाना आणि गुणा या दोघा भावांमध्ये घाट खोदण्याची पैज लागली. नानाचा घाट आधी पुरा झाला, म्हणून त्याचे नाव राहिले. घाटाच्या कडेचे शिखर आजही ‘नानाचा अंगठा’ म्हणूनच ओळखले जाते. घाटघरच्या बाजूने ते गवताळ उतारासारखे दिसते आणि तिथून अंगठा काही ओळखू येत नाही. कोकणातून वर पाहिले की कड्याचा तो आकार लगेच डोळ्यात भरतो. म्हणजे हे नाव खालून पाहणाऱ्याने दिले असावे. आकारावरून पडलेले नाव तपासताना ते कोणत्या बाजूने पाहिले, हे आधी विचारावे लागते. लोहगडाची लांब, निमुळती माची गडावरून खाली पाहिली तरच विंचवाच्या नांगीसारखी दिसते, म्हणून ती ‘विंचूकाटा’. राजगड आणि रतनगडावरच्या आरपार भोकाला तर सुईच्या छिद्राचाच शब्द मिळाला: नेढे.

मग घाट नाण्यांचा की नानाचा? उच्चारावरून निवाडा होत नाही, कारण ग्रामीण बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते तसे ‘नाणे’चे ‘नाने’ सहज होते. इंग्रजी अमदानीत नावे रोमन लिपीत गेली तेव्हा न आणि ण यांतला फरक कागदावरूनही पुसला गेला. या लेखकाला जकातीचा अर्थ अधिक पटतो, पण नानाची कथा मागून जोडली म्हणून टाकाऊ ठरत नाही. शिखराचे नाव तिनेच टिकवले आहे.

कथा आणि नाव यांतले आधीचे कोणते, हे ठरवायला तारीख लागते. तानाजी मालुसरे १६७० मध्ये पडले आणि त्यानंतर कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे घरोघरी सांगितले जाते. पण शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आलेले आहे. म्हणजे नाव आधीपासून होते आणि तानाजींच्या बलिदानाने त्याला नवा अर्थ मिळाला. उलट घोडखिंडीचे उदाहरण आहे. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांडे तिथे लढले आणि पुढे ती पावनखिंड झाली. इथे प्रसंगानेच जुने नाव मागे सारले.

घाटवाटांची नावे बहुधा चालणाऱ्यांनी दिलेली असतात, म्हणून त्यांत वाटेचा स्वभाव कळतो. ‘नाळ’ म्हणजे दोन कड्यांमधली दगडधोंड्यांची तीव्र उताराची घळ, ‘दार’ म्हणजे घाटमाथ्यावर निघायची फट, ‘निसणी’ म्हणजे शिडी. खांडसहून भीमाशंकरला जायला दोन वाटा आहेत. कड्याला लावलेल्या शिड्यांवरून जाणारा शिडी घाट अवघड पण जवळचा, आणि वाटेत गणपतीचे देऊळ लागते तो गणेश घाट लांबचा पण सोपा. सोबत म्हातारी माणसे किंवा ओझे असेल तर कोणती वाट धरायची, हे वाटसरूला नावावरूनच कळते.