‘मोबाइलवर सुरुवात करा’: फिल्म क्लबच्या उद्घाटनातल्या सल्ल्यामागचा इतिहास

कॉलेजच्या फिल्म क्लबचं उद्घाटन करताना हल्ली वक्ते हमखास सांगतात, कॅमेऱ्याची वाट बघू नका, खिशातला मोबाइल काढा, चार शॉट घ्या आणि साधं एडिटिंग करून जोडा. सल्ला योग्यच आहे, पण तो असा सहज देता येऊ लागला त्याला जेमतेम पंधरा वर्षं झाली आहेत. त्याआधी नवशिक्याची अडचण नुसती कॅमेऱ्याची नसायची. चित्रित केलेलं कापून-जोडून पाहणं, चुकलं की पुन्हा जोडणं, ही सोय त्याच्याकडे नव्हती. सरावासाठी खरी गरज तिचीच असते.

जोडणीचा असा सराव मुद्दाम करून घेणारी सुरुवातीची मोठी शाळा टंचाईतूनच उभी राहिली. 1919 मध्ये मॉस्कोत सरकारी चित्रपटशाळा सुरू झाली, तेव्हा यादवी युद्ध चालू होतं आणि बाहेरून येणारी कच्ची फिल्म जवळजवळ बंद झाली होती. तिथे शिकवणाऱ्या लेव कुलेशोव यांच्या कार्यशाळेत विद्यार्थी फिल्मविनाच चित्रपट ‘करत’: प्रसंगाची शॉटनुसार विभागणी करून तो रंगमंचावर सादर करत. थोडीफार फिल्म हाती आली की ती जोडणीच्या प्रयोगांवर खर्च होई.

त्यातल्या एका प्रयोगाचं वर्णन त्यांचे शिष्य पुदोवकिन यांनी लिहून ठेवलं आहे. पहिल्या शॉटमध्ये एक तरुण डावीकडून उजवीकडे चालतो. दुसऱ्यात एक तरुणी उजवीकडून डावीकडे येते. तिसऱ्यात दोघं भेटतात, हात मिळवतात आणि तरुण कुठेतरी बोट दाखवतो. चौथ्यात रुंद पायऱ्यांची एक मोठी पांढरी इमारत दिसते. पाचव्यात दोघं पायऱ्या चढू लागतात. पाहणाऱ्याला हे सगळं एकाच परिसरात, सलग घडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात शॉट शहराच्या वेगवेगळ्या भागांत घेतले होते, पायऱ्या एका कॅथेड्रलच्या होत्या आणि ती इमारत एका अमेरिकन चित्रपटातून कापून घेतलेलं व्हाइट हाउस होतं.

या पाच शॉटमध्ये कॅमेऱ्याची करामत काहीच नाही. सगळं काम दोन गोष्टींनी केलं आहे: चालण्याच्या दिशा एकमेकींसमोर ठेवणं, आणि बोट दाखवल्यावर लगेच पुढचा शॉट आणणं. तरुणीलाही डावीकडून उजवीकडे चालवलं असतं, तर ती त्याच्याकडे येण्याऐवजी त्याच्या पुढे किंवा मागे चालल्यासारखी वाटली असती आणि भेट अचानक टपकली असती. आज ‘साधं एडिटिंग’ म्हणतात ते एवढंच: सरळ कट, ना डिझॉल्व ना इफेक्ट. तो कुठे द्यायचा हे जमायला मात्र वेळ लागतो.

पुढे हौशी लोकांसाठी स्वस्त फिल्म आली. 1923 मध्ये 16 मिमी, 1932 मध्ये 8 मिमी आणि 1965 मध्ये कोडॅकची सुपर 8. सुपर 8ची काडतुसासारखी पेटी कॅमेऱ्यात सरकवली की काम झालं, अंधारात फिल्म ओवायची कटकट नाही. त्या पेटीत 50 फूट फिल्म असे आणि सेकंदाला 18 फ्रेमच्या वेगाने ती 3 मिनिटं 20 सेकंद चाले. चित्रित केलेलं लगेच बघता येत नसे. पेटी धुवायला पाठवायची, परत आली की प्रोजेक्टरवर लावायची, तेव्हा कुठे फोकस गेलेला कळे. आणि तोपर्यंत ती जागा, तो प्रकाश, ते लोक हाताशी नसत.

जोडणी आणखी कठीण होती. धुऊन परत येई ती मूळ फिल्मच असे, तिची प्रत सहसा काढलेली नसे. कापायचं ते मूळच. फिल्म सिमेंट नावाच्या चिकट द्रवाने जोड देताना एका टोकाचा थर खरवडून दुसरं टोक त्यावर चढवावं लागे, त्यात एखादी फ्रेम जाई. कट पसंत पडला नाही म्हणून उकलून पुन्हा जोडला, की आणखी फ्रेम गेली.

1973 मध्ये आवाजाची सुपर 8 आली, तेव्हा वेगळाच पेच उभा राहिला. कॅमेऱ्यात ध्वनीचं हेड लेन्समागच्या खिडकीपासून दूर असल्यामुळे फिल्मवर आवाज त्याच्या चित्रापासून 18 फ्रेम पुढे नोंदला जाई, म्हणजे 18च्या वेगाला बरोबर एक सेकंद. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर चित्र पाहून कात्री लावली, की त्याचा पहिला एक सेकंदाचा आवाज आधीच्या तुकड्याबरोबर निघून जाई. त्यामुळे जाणकार माणूस वाक्याआधी आणि नंतर सेकंदभर शांतता ठेवूनच शॉट घेई. नवशिक्याला हे पहिली पेटी वाया गेल्यावर समजे.

व्हिडिओ टेपने पुसून पुन्हा वापरण्याची सोय दिली, पण जोडणी एका टेपवरून दुसरीवर उतरवून करावी लागे. मध्ये दोन सेकंद घालायचे तर पुढचं सगळं पुन्हा उतरवा, आणि प्रत्येक उताऱ्यात चित्र मळत जाई. ही कोंडी 1995च्या डीव्ही या डिजिटल टेपने आणि 1999 मध्ये घरगुती संगणकावर आलेल्या आयमूव्हीसारख्या सॉफ्टवेअरने फोडली. कट आता फाइलमधली नुसती एक खूण झाला, तो हवा तेव्हा मागे घेता येऊ लागला. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच, मोबाइलचा कॅमेरा त्यानंतरचा. 2010 मध्ये आयफोन 4वर चित्रण आणि आयमूव्ही एकाच हातात आलं, तेव्हा उद्घाटनातला तो सल्ला शब्दशः शक्य झाला.

2015च्या ‘टँजरिन’ या चित्रपटाचं उदाहरण अशा भाषणांत नेहमी येतं. तो आयफोन 5एसवर चित्रित झाला हे खरं आहे, पण त्याबरोबर हेही सांगायला हवं की त्या फोनवर रुंद पडद्याचं चित्र आडवं आवळून टिपणारी वेगळी अ‍ॅनामॉर्फिक लेन्स चढवली होती, एका अ‍ॅपने फ्रेमचा वेग 24वर बांधून ठेवला होता आणि आवाज फोनवर न घेता व्यावसायिक साधनांनी स्वतंत्र घेतला होता.

वेग बांधण्याला कारण आहे. फोनचा स्वतःचा कॅमेरा अनेकदा वेग बदलता ठेवतो. सेकंदाला 30 फ्रेम लिहिलेलं असलं, तरी खोलीत उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त प्रकाश मिळावा म्हणून तो वेग खाली आणतो. काही एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र वेग कायम 30 धरूनच चालतात. समजा, एक फोन चित्रासाठी आणि दुसरा बोलणाऱ्याच्या जवळ, आवाजासाठी ठेवून पाच मिनिटांची मुलाखत घेतली. सुरुवातीला ओठ आणि शब्द तंतोतंत जुळतात, पण शेवटाकडे शब्द आधी आणि ओठ मागाहून, किंवा उलट, असं होत जातं. आवाज थोडा सरकवून हे सुटत नाही, कारण शेवट जुळवला की सुरुवात बिघडते.

ओळखायचं कसं, तर चित्रणाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवायची. पहिली टाळी जुळवल्यावर शेवटचीही जुळली, तर प्रश्न नाही. शेवटची सरकलेली दिसली, तर जोडणीला बसण्याआधी चित्राची फाइल हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये `Constant Framerate` निवडून पुन्हा काढायची आणि मग नव्या फाइलवरच कट द्यायचे. आधी कट देऊन मागून फाइल बदलली, तर सगळे कट आपल्या जागेवरून हलतात.