हृदय अशक्त झाल्यावर क्रिएटिन: ताकद पायांना, गोंधळ रिपोर्टमध्ये

कोल्हापुरात तालमीतल्या पोरांच्या खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई पिढ्यान्‌पिढ्या आहे. आता जिमच्या बॅगेत क्रिएटिनचा डबाही असतो. तरुण, निरोगी माणसासाठी त्यात घाबरण्यासारखं फारसं काही नाही, कारण हे बरंच अभ्यासलं गेलेलं पूरक आहे. प्रश्न येतो तो हा डबा घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या हातात जातो तेव्हा. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलंय, जिना चढताना पाय भरून येतात, अशा मामांना भाचा म्हणतो, "मामा, रोज हे घ्या, पायात ताकद येती बघा." भाच्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, आणि म्हणूनच ते नीट तपासून पाहायला हवं.

क्रिएटिन आपल्या शरीरातच तयार होतं. मूत्रपिंड आणि यकृत मिळून दिवसाला साधारण एक ग्रॅम बनवतात. मटण-मासे खाणाऱ्याला जवळपास तेवढंच आहारातून मिळतं. पेशीत त्याला फॉस्फेट जोडला जातो आणि ऊर्जेची तातडीची गरज पडली की तो फॉस्फेट एटीपी, म्हणजे पेशीचं थेट वापरातलं इंधन, पुन्हा तयार करायला लगेच वापरता येतो. पेठेतल्या दुकानदारानं गल्ल्यात सुट्टे पैसे हाताशी ठेवावेत, तसा हा साठा. हृदय क्षणभरही थांबत नसल्यामुळे त्याला तो सतत लागतो.

हृदय निकामी होऊ लागलं की त्याच्या स्नायूतलं क्रिएटिन कमी होतं, हे पक्कं माहीत आहे. १९९७ मध्ये स्टेफान नॉयबाउअर आणि सहकाऱ्यांनी हृदय पसरलेल्या रुग्णांमध्ये फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे फॉस्फेट जोडलेलं क्रिएटिन, आणि एटीपी यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण एमआरआयसारख्या तंत्रानं मोजलं. निरोगी हृदयात ते दोनच्या आसपास असतं. ज्या रुग्णांत ते १.६ च्या खाली होतं, त्यांच्यात पुढच्या काळात मृत्यू जास्त झाले. मग साहजिकच वाटतं, कमी झालंय ते तोंडावाटे भरून काढावं.

अडचण अशी की रक्तातलं क्रिएटिन पेशीत आपोआप शिरत नाही, त्याला आत घेणारं एक वाहक प्रथिन लागतं. निकामी होत चाललेल्या हृदयात हे वाहकच कमी पडतात. उंदरांवरच्या प्रयोगांत खाण्यातून भरपूर क्रिएटिन दिलं तरी हृदयातला साठा वाढला नाही. मग संशोधकांनी जनुकात बदल करून वाहक वाढवलेले उंदीर तयार केले. २००५ मध्ये आलेला ऑक्सफर्डचा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो: हृदयात क्रिएटिन प्रमाणाबाहेर साठलं, तेव्हा ते जाड झालं आणि निकामी व्हायला लागलं. पुढच्या प्रयोगांत मात्र साठा मध्यम वाढवला तर रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू होताना होणारी इजा कमी झाली. म्हणजे हृदयाला किती हवं याला एक मर्यादा आहे, आणि चमच्यानं घेतलेली पूड ती मर्यादा गाठून देईल असं आज कुणी म्हणू शकत नाही.

पायांच्या स्नायूंचं वेगळं आहे. हार्ट फेल्युअरच्या माणसाचा दम नुसता हृदयामुळे जात नाही, त्याचे स्नायूही झिजलेले असतात. १९९५ मध्ये स्वीडनमध्ये १७ रुग्णांवर एक चाचणी झाली. दिवसाला २० ग्रॅम, दहा दिवस. पायांची ताकद आणि टिकाव वाढला, पंपिंग होतं तसंच राहिलं. २००६ मध्ये जर्मनीत २० रुग्णांना तेवढंच क्रिएटिन सहा आठवडे दिलं, तेव्हाही स्नायूंची ताकद थोडी वाढली, वजनही वाढलं, पण पंपिंग आणि व्यायामातली प्राणवायू वापरण्याची क्षमता बदलली नाही. आणि मग कार्डियाक रिहॅबचा प्रश्न. बेल्जियममध्ये हृदयरोगाच्या ७० रुग्णांनी तीन महिने देखरेखीखाली व्यायाम केला, काहींनी क्रिएटिन घेऊन, काहींनी नुसती दिसायला तशीच पूड घेऊन. २०१० मध्ये आलेल्या निकालात दोन्ही गटांत फरक पडला नाही. नुकसानही दिसलं नाही. मला यातून एवढंच कळतं की नियमित व्यायामानं जे मिळतं, त्यावर क्रिएटिननं भर पडल्याचा पुरावा नाही.

"नुकसान दिसलं नाही" या वाक्यावर मात्र सावकाश थांबावं, कारण त्या चाचण्यांतल्या डॉक्टरांना रुग्ण क्रिएटिन घेत असू शकतो हे माहीत होतं. आपल्या मामांच्या डॉक्टरांना ते माहीत नाही.

समजा मामा ५८ वर्षांचे आहेत. लघवी जास्त होणारी गोळी, अशक्त हृदयासाठी दिलेली स्पायरोनोलॅक्टोन ही दुसरी गोळी, शिवाय रक्तदाबाची आणि हृदयाची औषधं चालू आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळी वजन करा, तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर कळवा. भाच्यानं सुचवल्याप्रमाणे मामा आठवडाभर रोज २० ग्रॅम घेतात. क्रिएटिन स्नायूत शिरताना सोबत पाणी ओढतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो वजन वाढणं नेहमीचं आहे. आता हे वाढलेलं वजन स्नायूतल्या पाण्याचं, की हृदय थकल्यामुळे अंगात साचलेल्या पाण्याचं? काट्याला फरक कळत नाही. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा राहतो का, रात्री उताणं झोपवतं का, उशा वाढवाव्या लागतात का, मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतात का, हे पाहावं लागतं. उलटही घडतं: "ते क्रिएटिनचं वजन आहे" असं समजून घरचे खरी सूज अंगावर काढतात, आणि रुग्ण थेट इमर्जन्सीत येतो. डब्यावर "भरपूर पाणी प्या" लिहिलेलं असतं, तेही पाण्याची मर्यादा घालून दिलेल्या माणसाला लागू नाही.

दुसरा गोंधळ रक्ताच्या रिपोर्टचा. क्रिएटिन शरीरात रोज थोडं थोडं क्रिएटिनिन बनून लघवीतून जातं, आणि मूत्रपिंडाचं काम आपण त्याच क्रिएटिनिनवरून ओळखतो. मामांचं क्रिएटिनिन १.२ होतं, ते १.४ आलं. नेहमीच्या सूत्रात मूत्रपिंडाची क्षमता ७० वरून ५८ वर घसरलेली दिसते. मूत्रपिंड कदाचित आधीसारखंच काम करतंय, वाढलाय तो कच्चा माल. डॉक्टरांना डब्याची कल्पना नसेल तर ते औषधानं किडनीवर ताण आला असं मानून स्पायरोनोलॅक्टोनचा डोस कमी करतील, आणि आयुष्य वाढवणारी गोळी विनाकारण कमी होईल. पण त्याच रिपोर्टमध्ये पोटॅशियमही ४.४ वरून ५.६ झालं असेल, तर दोष क्रिएटिनवर ढकलता येत नाही. क्रिएटिननं पोटॅशियम वाढत नाही. तिथे मूत्रपिंड आणि औषधं दोन्ही लगेच तपासावी लागतात.

हा गुंता सोडवायला सिस्टॅटिन-सी नावाची चाचणी उपयोगी पडते. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, थायरॉईडचे विकार आणि स्टेरॉईड यांनी मात्र तिचा आकडा हलतो. सगळ्या लॅबमध्ये ती होत नाही. दुसरा साधा मार्ग म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्यानं पूड बंद करून काही आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा बघणं. आकडा १.२ वर परतला तर कारण कळलं. वरच राहिला तर कारण दुसरीकडे शोधायचं.

म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडे जाताना औषधांच्या यादीत डब्याचं नाव, किती चमचे आणि कधीपासून हे लिहून न्यावं. डबाच सोबत नेला तर आणखी बरं, कारण तालमीतल्या पोरांच्या डब्यात कधी कधी क्रिएटिनबरोबर कॅफिनसारखी उत्तेजकंही मिसळलेली असतात, आणि अशक्त हृदयात ठोके अनियमित व्हायला तेवढं निमित्त पुरतं. घ्यायचंच असं डॉक्टरांनी ठरवलं तर सुरुवातीला २० ग्रॅमचा भरणा टाळून कमी मात्रा, आधीचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम नोंदवून, नंतर ठरलेल्या दिवशी पुन्हा तपासून, असं ते ठरवतील. मूत्रपिंड आधीच अशक्त असेल तर बहुधा नकोच म्हणतील. तोवर मामांचं रंकाळ्याभोवती चालणं आणि रिहॅबमधले खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे, रबरी पट्ट्यांचे व्यायाम चालू राहू देत.