कचरागाडीच्या अनियमिततेबद्दलची तक्रार: संतापाच्या मजकुराचा अर्ज कसा करावा

रहिवाशांच्या गटावर लिहिलेला मजकूर जसाच्या तसा महापालिकेच्या तक्रार प्रणालीत टाकला, की बहुतेक वेळा दोन दिवसांत ‘तक्रार निकाली’ असा संदेश येतो आणि त्यानंतरच्या रविवारी गाडी पुन्हा येत नाही. याचे कारण दरवेळी बेपर्वाई असते असे नाही. ‘कचरा उचलला नाही’ या प्रकाराखाली तक्रार नोंदवली, की कर्मचारी येऊन त्या दिवशीचा ढीग उचलतात, स्वच्छ जागेचे छायाचित्र जोडतात आणि तक्रार बंद करतात. कागदोपत्री ते बरोबरच असते, कारण गाडी वारंवार चुकते हे अर्जदाराने कुठे लिहिलेलेच नसते. म्हणून विषयात ‘अनियमित’ हा शब्द आणि कालावधी आलाच पाहिजे. प्रणालीत तसा प्रकार निवडता येत नसेल, तर लेखी अर्ज द्यावा.

असा अर्ज त्या भागात राहणारी कोणतीही व्यक्ती करू शकते. घर स्वतःच्या मालकीचे असण्याची गरज नाही. गृहनिर्माण संस्थेच्या वतीने अर्ज असेल, तर तो संस्थेच्या लेटरहेडवर, सचिव किंवा अध्यक्षांच्या सहीने द्यावा. सामूहिक अर्जावर प्रत्येक सहीसमोर घर क्रमांक लिहावा, आणि ज्याचा फोन खरोखर उचलला जातो अशा एकाच व्यक्तीचा क्रमांक संपर्कासाठी द्यावा. स्वच्छता निरीक्षकाचा फोन कोणी उचलला नाही, एवढ्यावरूनही तक्रार बंद झालेली पाहिली आहे.

सोबतच्या कागदपत्रांत आधीच्या तक्रारींचे क्रमांक, तारीख दिसणारी दोन-तीन छायाचित्रे आणि मालमत्ता कराच्या बिलाची प्रत पुरते. बिलाची प्रत मालकी दाखवण्यासाठी नाही, तर पत्त्यासाठी लागते. आपण ज्याला ‘मधली गल्ली’ म्हणतो, ते नाव कार्यालयाच्या नकाशावर नसते. प्रभागाचे किंवा विभागाचे अधिकृत नाव बहुधा बिलावर सापडते. भाडेकरूंनी ते शेजाऱ्यांच्या बिलावरून पाहून घेतले तरी चालते.

खरी अडचण होते ती नोंदतक्त्याची, कारण तो कोणाकडेच नसतो. ‘कित्येक दिवस गाडी नाही’ असे दहा जण सांगतात, पण नेमके कोणते दिवस, असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात. कार्यालय गाडीच्या फेऱ्यांची स्वतःची नोंद उघडून पाहू शकते, आणि तुमच्याकडे तारखा नसतील तर त्याच नोंदीवर विश्वास ठेवला जातो. म्हणून किमान तीन आठवडे एका वहीत तारीख, वार, गाडी आली का, किती वाजता, कचरा घेतला का आणि नसेल तर कारण काय सांगितले, एवढे रोज लिहावे. शेवटचा रकाना सोडू नये. गाडी न येणे आणि आलेल्या गाडीने एकत्र केलेला कचरा न घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली, तर ‘वर्गीकरण न केल्याने कचरा उचलला नाही’ हे एकच उत्तर सगळ्या तारखांना लागू केले जाते.

आता मजकुराकडे वळू. नमुन्यादाखल हा घ्या: “गेले कित्येक दिवस कचरागाडी फिरकलेली नाही!!! कर भरून आम्ही उकिरड्यात राहायचं का? कर्मचारी पैसे मागतात, ठेकेदाराचं आणि अधिकाऱ्यांचं साटंलोटं आहे. झोपलेलं प्रशासन कधी जागं होणार?”

यातला राग खोटा नाही; पण कार्यवाही करण्याजोगे यात एकच वाक्य आहे, ते पहिले, आणि तेही वहीशी ताडून पाहिल्यावर खरे ठरत नाही. वहीप्रमाणे २ ते २२ जून या २१ दिवसांत गाडी १२ दिवस आली आणि ९ दिवस आली नाही. न आलेल्या ९ दिवसांत तिन्ही रविवार आणि तिन्ही सोमवार आहेत. ही गोष्ट वही भरेपर्यंत गल्लीत कोणाच्याही लक्षात आली नव्हती. ‘फिरकलेलीच नाही’ असे लिहिले असते, तर १२ फेऱ्यांची नोंद समोर ठेवून अख्खा अर्ज खोटा ठरवता आला असता. रविवार-सोमवार सांगितले, की कोणत्या पाळीत खंड पडतो ते निरीक्षकाला शोधता येते. त्यामागचे कारण मात्र आपण ठरवू नये. सुटीच्या दिवशी बदली गाडी मिळत नसेल असा आपला अंदाज असला, तरी तो अर्जात लिहू नये.

पैसे मागितल्याचा आरोप या अर्जातून काढावा. तो गंभीर आहे, म्हणूनच तारीख, प्रसंग आणि साक्षीदारांसह स्वतंत्र अर्जात द्यावा. एकत्र दिल्यास कागद चौकशीत अडकतो आणि गाडीचा प्रश्न मागे पडतो. साटेलोटे, झोप आणि उकिरडा यांना पुरावा जोडता येत नाही, तेव्हा ते गटावरच राहू द्यावे. गटारे आणि पथदिवेही याच अर्जात घुसवू नयेत. ते विभाग वेगळे आहेत.

यानंतर उरतो तो अर्ज असा:

“प्रति, मा. सहायक आयुक्त, (प्रभाग कार्यालयाचे नाव).

विषय: २ जून ते २२ जून या काळात कचरागाडी अनियमित येत असल्याबाबत.

संदर्भ: यापूर्वीच्या तक्रारींचे क्रमांक व दिनांक.

महोदय/महोदया,

आमच्या गल्लीत (अधिकृत पत्ता) कचरागाडीची नेहमीची वेळ सकाळी साडेसातची आहे. वरील २१ दिवसांत गाडी ९ दिवस आली नाही. त्यांपैकी ६ दिवस रविवार व सोमवार असून उरलेल्या तारखा ५, ११ व २० जून या आहेत. आलेल्या १२ दिवसांपैकी ४ दिवस गाडी दहानंतर आली, तेव्हा कामावर जाणाऱ्या रहिवाशांना कचरा देता आला नाही. एके दिवशी एका इमारतीचा कचरा वर्गीकरण नसल्याने घेतला गेला नाही. तेथील रहिवाशांना आम्ही सूचना दिली आहे. रविवारी व सोमवारी गाडीची व्यवस्था व्हावी आणि येण्याची निश्चित वेळ आम्हांस कळवावी, ही विनंती. केलेल्या कार्यवाहीची माहिती कृपया लेखी द्यावी. नोंदतक्ता व छायाचित्रे सोबत जोडली आहेत.”

वर्गीकरणाचे वाक्य अनेकांना खटकते. आपलीच चूक आपण का सांगायची, असे ते विचारतात. पण ती नोंद कार्यालयाकडेही असू शकते, आणि ती आपणच सांगितली की उरलेले २० दिवस वादाबाहेर राहतात. नियमांची कलमे घालण्याचा मोह होत असेल, तर ती आजही लागू आहेत का हे आधी पाहावे. जुन्या नियमाचे कलम उद्धृत केले, तर उत्तर त्या कलमावरच येते.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘ठेवून जा, साहेब पाहतील’ असे ऐकून परतलेल्यांचे अर्ज पुढे सापडत नाहीत, आणि तो दोष कोणावर ठेवायचा हेही सिद्ध होत नाही. ऑनलाइन तक्रारीच्या मुदतीतही लोक फसतात. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडण्याची सोय असली, तर तिची मुदत सहसा तक्रार बंद झाल्याच्या दिवसापासून धरली जाते, आपण संदेश वाचला त्या दिवसापासून नाही. तेव्हा अर्ज दिल्यानंतर रोज स्थिती पाहावी आणि वहीही चालू ठेवावी. ‘निकाली’ असा शेरा आला, तर त्यानंतरच्या रविवारची आणि सोमवारची नोंद जोडूनच तक्रार पुन्हा उघडण्याची मागणी करावी.