पुनरुक्ती आणि दिशादर्शक वाक्ये (भाषणात व लेखनात)

बोलताना तीच गोष्ट पुन्हा सांगणे म्हणजे पुनरुक्ती. 'आता दुसरा मुद्दा', 'हे झालं कारण, आता उपाय' अशी पुढची वाट दाखवणारी वाक्ये ती दिशादर्शक. दोन्ही ऐकताना खटकत नाहीत, पण तीच जशीच्या तशी छापली की बोजड वाटतात.

कारण श्रोत्याला मागे जाता येत नाही. वाचताना डोळे सलग न सरकता छोट्या उड्या घेतात, आणि सराईत वाचकाच्याही सुमारे १० ते १५ टक्के उड्या मागे, वाचून झालेल्या शब्दांकडे जातात. कानाला ती सोय नाही. ऐकलेल्या वाक्याचा आशय टिकतो, नेमके शब्द काही क्षणांत पुसले जातात. त्यामुळे वक्ता वाक्य दुसऱ्यांदा म्हणतो तेव्हा नवे काही येत नाही, आणि त्या उसंतीत श्रोता आधीचे जुळवून घेतो. शिवाय किती झाले, किती उरले, हे वाचकाला पानावर दिसते. श्रोत्याला ते सांगावे लागते.

आग लागल्यास काय करावे, हे सांगणारा प्रशिक्षक असे बोलेल:

'दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक धुराची, एक दाराची. आधी धूर. धूर वर जातो. वर जातो म्हणून छताखाली साचतो, म्हणून आपण खाली राहायचं. खालीच राहून सरकायचं. हा झाला धूर. आता दार. उघडण्याआधी दाराला हाताची पाठ लावा. गरम लागलं, तर दार उघडायचं नाही.'

छापताना एवढे पुरते: 'धूर छताखाली साचतो, म्हणून जमिनीलगत सरका. दार उघडण्यापूर्वी त्याला हाताची पाठ लावून पाहा. गरम लागल्यास उघडू नका.'

'हा झाला धूर' या वाक्याचे काम कागदावर नवा परिच्छेद किंवा क्रमांक करतो. 'खालीच राहून' छापले तर वाचक त्यात काही वेगळे सांगितले आहे का ते शोधतो, कारण छापील वाक्य नवे काही सांगणार असे तो धरून चालतो. काही सापडले नाही की चिडतो. बोजडपणा येतो तो इथून.

उलट दिशेची चूक जास्त महाग पडते. लेख तसाच वाचून दाखवला, तर वरच्या वाक्यातला 'त्याला' हा शब्द कशासाठी, हे ऐकणाऱ्याला क्षणभर कळत नाही. बोलताना 'दाराला' असेच म्हणावे. सुरुवातीला 'दाराची' म्हटले असेल तर पुढे 'प्रवेशमार्ग' म्हणू नये, नाहीतर तो तिसराच मुद्दा वाटतो. आणि तीन मुद्दे सांगतो म्हणून दोनच सांगितले, तर भाषण संपल्यावरही श्रोता तिसऱ्याची वाट पाहत राहतो.

पानावरची सगळीच पुनरुक्ती मात्र काढायची नसते. माहितीपुस्तिका कोणी पहिल्यापासून वाचत नाही, हवे ते पान उघडतो. म्हणून धोक्याची सूचना प्रत्येक संबंधित कृतीपाशी पुन्हा छापावीच लागते.